सरासरीत न येणारे पिक्सेल

रास्टर म्हणजे ओळी आणि स्तंभ यांनी आखलेला आकड्यांचा तक्ता. त्यातला प्रत्येक पिक्सेल जमिनीवरच्या एका चौकोनी तुकड्याबद्दल एक आकडा सांगतो: समुद्रसपाटीपासूनची उंची, दिवसभराचा पाऊस, जमिनीचे तापमान किंवा झाडोऱ्याचा हिरवेपणा. हा तक्ता नेहमी आयताकृती असतो. तालुक्याची हद्द, नदीचे खोरे किंवा उपग्रहाने टिपलेला पट्टा मात्र आयताकृती नसतो. त्यामुळे जवळपास प्रत्येक रास्टरमध्ये काही पिक्सेल असे उरतात, ज्यांच्याबद्दल सांगण्यासारखे काहीच नसते. कागदावरच्या तक्त्यात ती जागा कोरी सोडता आली असती. संगणकाच्या फाइलमध्ये प्रत्येक जागी काहीतरी अंक लिहावाच लागतो. म्हणून एखादा अंक राखून ठेवला जातो आणि ‘हा अंक दिसला तर इथे माहिती नाही असे समजा’ असा करार केला जातो. या अंकाला नोडेटा मूल्य म्हणतात.

हा अंक सगळीकडे सारखा नसतो. फेब्रुवारी २००० मध्ये ‘एन्डेव्हर’ या अंतराळयानातून रडारने पृथ्वीचा बराचसा भूभाग मोजला गेला. त्या एसआरटीएम मोहिमेच्या उंचीच्या फाइलींत मोजमाप न झालेल्या जागी -३२७६८ लिहिलेले असते. सोळा बिटांच्या पूर्णांकात मावणारी ती सर्वांत लहान संख्या आहे. भारतीय हवामान विभागाच्या पावसाच्या जाळीदार आकडेवारीत -९९९ असते, तर तापमानाच्या आकडेवारीत ९९.९. लँडसॅट उपग्रहांच्या प्रतिमांत हा अंक शून्य असतो.

करार पाळला जावा म्हणून तो फाइलच्या शीर्षभागात नोंदवलेला असतो. मात्र ही नोंद आणि पिक्सेलमधला अंक या दोन स्वतंत्र गोष्टी आहेत. एका साच्यातून दुसऱ्या साच्यात फाइल बदलताना नोंद गळून पडते आणि अंक तसेच राहतात. कधी मुळात नोंदच केलेली नसते. मग आज्ञावलीच्या दृष्टीने -३२७६८ ही एक खरीखुरी उंची ठरते आणि ती सरासरीत जाऊन बसते.

अशी चूक मोठी असली की सापडते. नऊ पिक्सेलांपैकी आठांची उंची ५०० मीटर आणि नववा -३२७६८ असेल, तर सरासरी उणे ३१९६ मीटर येते. इतके खोल काही महाराष्ट्रात नाही, त्यामुळे पाहणारा लगेच थांबतो. त्याच नवव्या जागी शून्य असते, तर सरासरी ४४४ मीटर आली असती. दख्खनच्या पठारावर ही उंची अगदी शक्य कोटीतली आहे. नकाशा नीट दिसतो, अहवाल पुढे जातो आणि चूक आत राहते. नोडेटाच्या बाबतीत जपायचे ते अशा खऱ्यासारख्या दिसणाऱ्या अंकांना. हवामान विभागाचे ९९.९ याच जातीचे. मराठवाड्यातल्या ४१ आणि ४२ अंशांच्या रांगेत असे दोन-तीन अंक मिसळले तर सरासरी वाढते, पण वाढलेला आकडा उन्हाळ्याचाच वाटतो.

शून्याचा घोळ सर्वांत अवघड, कारण शून्य हे बऱ्याचदा खरे मोजमाप असते. कोरड्या दिवशीचा पाऊस शून्य असतो आणि समुद्रकाठची उंचीही शून्य असू शकते. अशा फाइलीत शून्य हाच नोडेटा आहे असे जाहीर केले, तर उलट चूक होते: सगळे कोरडे दिवस सरासरीतून निघून जातात आणि पाऊस वाढलेला दिसतो. म्हणून कोणत्याही रास्टरवर गणित करण्यापूर्वी त्याच्या निर्मात्याने नोडेटासाठी कोणता अंक ठरवला आहे, हे माहितीपत्रकातून पाहावे लागते. अंदाजाने ठरवलेला अंक दोन्ही बाजूंनी दगा देतो.

हे सगळे एकत्र कसे अवतरते, ते पाहण्यासाठी उजनी जलाशयाच्या काठचे एखादे गाव घेता येईल. सोलापूर जिल्ह्यात भीमा नदीवर असलेल्या या धरणाचे पाणी मागे इंदापूर, करमाळा, कर्जत, दौंड अशा तालुक्यांच्या शिवारांत पसरते. पावसाळ्यानंतर जलाशय फुगलेला असतो आणि उन्हाळ्यात पाणी दूरवर मागे हटते. पाणी फारच उतरले की पळसदेवचे बुडालेले जुने मंदिर उघडे पडते. मागे हटलेल्या पाण्याखालून निघालेल्या गाळाच्या जमिनीवर पिके घेतली जातात. तिला गाळपेर जमीन म्हणतात. म्हणजे एकच तुकडा ऑक्टोबरात पाणी असतो आणि मे महिन्यात शेत.

अशा गावातल्या पिकांची स्थिती उपग्रहावरून पाहायची तर साधारणपणे एनडीव्हीआय हा निर्देशांक काढतात. हिरवी पाने लाल प्रकाश शोषतात आणि अवरक्त प्रकाश मोठ्या प्रमाणात परावर्तित करतात. दोन्ही परावर्तनांमधला फरक भागिले त्यांची बेरीज, म्हणजे एनडीव्हीआय. जोमदार पिकावर तो ०.६ ते ०.८ पर्यंत जातो, उघड्या मातीवर ०.१ ते ०.२ च्या आसपास राहतो आणि स्वच्छ पाण्यावर बहुधा शून्याखाली जातो. लँडसॅट ८ आणि ९ या उपग्रहांच्या प्रतिमांत एक पिक्सेल ३० मीटर लांब-रुंद असतो.

या प्रतिमांची पहिली अडचण त्यांच्या कडेला आहे. उपग्रहाची कक्षा उत्तर-दक्षिण रेषेशी थोडी तिरपी असते, त्यामुळे टिपलेला पट्टाही तिरपा असतो. फाइल मात्र उत्तर वर ठेवून आयतात बसवलेली असते. म्हणून चारही कोपऱ्यांत रिकामे त्रिकोण उरतात आणि त्यांत शून्य भरलेले असते. एखादे गाव नेमके त्या तिरप्या कडेवर आले, की त्याचा काही भाग प्रतिमेत असतो आणि काही भाग त्या त्रिकोणात.

इथे एक बारकावा आहे. लँडसॅटच्या सध्याच्या दुसऱ्या संग्रहातले कच्चे अंक परावर्तनात बदलण्यासाठी अंकाला ०.००००२७५ ने गुणून त्यातून ०.२ वजा करावे लागतात. रिकाम्या पिक्सेलमधल्या शून्याला हे सूत्र लावले की -०.२ मिळते. लाल पट्ट्यात -०.२ आणि अवरक्त पट्ट्यातही -०.२. त्यांचा फरक शून्य, बेरीज -०.४, आणि म्हणून एनडीव्हीआय शून्य. कच्च्या अंकांवरच थेट गणित केले असते तर शून्य भागिले शून्य झाले असते, उत्तर आलेच नसते आणि काहीतरी बिघडले आहे हे कळले असते. सूत्र बरोबर लावल्यामुळे रिकामा पिक्सेल सभ्य दिसणारा शून्य घेऊन बाहेर येतो. पाणी आणि उघडी माती यांच्या अधेमधे हा अंक सहज खपून जातो. यावरून क्रमाचा नियम ठरतो: रिकामे पिक्सेल कच्च्या अंकांवर ओळखायचे, मोजपट्टी बदलण्याच्या आधी. एकदा गुणाकार-वजाबाकी झाली की ती खूण पुसली जाते.

आता दोन तारखांचे गणित मांडून पाहू. उदाहरण सोपे राहावे म्हणून गावाचे शंभर पिक्सेल धरले आहेत आणि आकडे कल्पित आहेत. त्यांतले ६० पिक्सेल कायमच्या शेतीचे, ३० जलाशयाकडचे आणि १० प्रतिमेच्या कडेबाहेरचे, म्हणजे रिकामे. ऑक्टोबरात शेतीचा एनडीव्हीआय ०.५ आणि पाण्याचा -०.१ आहे. सगळे शंभर पिक्सेल धरून सरासरी काढली तर शेतीचे ३०, पाण्याचे उणे ३ आणि रिकाम्यांचे शून्य, मिळून २७ भागिले १००, म्हणजे ०.२७ येते. मे महिन्यात शेतीचा एनडीव्हीआय घसरून ०.४ झाला. जलाशयाकडच्या ३० पैकी २० पिक्सेल उघडे पडून तिथे गाळपेर पीक उभे राहिले, त्याचा एनडीव्हीआय ०.२. पाणी १० पिक्सेलांपुरते उरले. बेरीज अशी: शेतीचे २४, गाळपेराचे ४, पाण्याचे उणे १. पुन्हा २७, पुन्हा ०.२७.

शेतातले पीक एक पंचमांशाने उतरले आणि सरासरी तसूभरही हलली नाही. पाणी हटल्यामुळे जेवढी भर पडली, तेवढीच घट पिकात झाली आणि दोन्ही एकमेकांत विरघळून गेल्या. या ०.२७ ला कसलाच अर्थ नाही. तो पिकाचा निर्देशांक नाही आणि गावाचाही नाही.

ऑक्टोबरच्या आकड्यांतून फक्त रिकामे पिक्सेल वगळले तर २७ भागिले ९०, म्हणजे ०.३ येते. पाणीही वगळले तर ३० भागिले ६०, म्हणजे ०.५. वगळणे म्हणजे बेरजेतून काढणे आणि भाजकातूनही काढणे, दोन्ही. पुष्कळ ठिकाणी अर्धेच काम होते: नकोशा पिक्सेलांवर शून्य लिहून त्यांना ‘काढले’ असे समजले जाते. शून्य लिहिल्याने बेरीज सुधारते, पण भाजक शंभरच राहतो. मुखवटा तयार करून मूळ रास्टरला त्याने गुणण्याची पद्धत याच कारणाने फसवी आहे. मुखवट्यात नको तिथे ० आणि हवे तिथे १ असेल, तर गुणाकारानंतर नको असलेली जागा ० होते, रिकामी होत नाही.

प्रत्यक्ष आज्ञावलीत हे काम थोडक्या ओळींत होते. लँडसॅटच्या प्रत्येक प्रतिमेबरोबर QA_PIXEL नावाचा एक पट्टा येतो. त्यातल्या अंकाचा एकेक बिट एकेक गोष्ट सांगतो: शून्यावा बिट म्हणजे रिकामा पिक्सेल, पहिला ते चौथा ढग आणि ढगांची सावली यांचे, सातवा पाण्याचा.

```python
import numpy as np
import rasterio

def read(path):
    with rasterio.open(path) as f:
        return f.read(1)

red, nir, qa = read("B4.tif"), read("B5.tif"), read("QA_PIXEL.tif")

fill  = (red == 0) | (nir == 0) | ((qa & 1) != 0)
cloud = (qa & 0b11110) != 0
water = (qa & (1 << 7)) != 0

r = red * 0.0000275 - 0.2
n = nir * 0.0000275 - 0.2
ndvi = (n - r) / (n + r)
ndvi[fill | cloud | water] = np.nan

print(np.nanmean(ndvi), np.isfinite(ndvi).sum())
```

इथे नको असलेल्या पिक्सेलांत `nan` हा खास अंक ठेवला आहे. त्याचा अर्थच ‘संख्या नाही’ असा आहे. साध्या `mean` मध्ये असा एकही पिक्सेल आला तर उत्तरही `nan` येते, म्हणजे चूक लपत नाही. `nanmean` तो बेरजेतून आणि भाजकातून दोन्हीकडून वगळते. शेवटच्या ओळीत सरासरीबरोबर किती पिक्सेल मोजले गेले, तेही छापले आहे. ही संख्या शोभेची नाही, पुढच्या सगळ्या तपासण्या तिच्यावर चालतात.

या खास अंकाचा एक स्वभाव मात्र लक्षात ठेवावा लागतो. तो कशाहूनही कमी, जास्त किंवा कशाएवढा आहे का असे विचारले की उत्तर ‘नाही’ येते. ‘एनडीव्हीआय ०.३ पेक्षा जास्त आहे का’ असे विचारून हिरव्या पिक्सेलांचा नकाशा केला, तर रिकामे पिक्सेल ‘हिरवे नाहीत’ या गटात पडतात आणि टक्केवारी काढताना भाजकात जातात. उलट, रिकाम्या जागी -९९९९ असेल आणि ‘०.३ पेक्षा कमी आहे का’ असे विचारले, तर उत्तर ‘होय’ येते आणि तेच पिक्सेल नापीक जमीन म्हणून मोजले जातात. वर्गवारी करून झाल्यावर मुखवटा पुन्हा एकदा लावावा लागतो, तो यासाठी.

पाण्याचा प्रश्न मात्र रिकाम्या पिक्सेलांच्या प्रश्नासारखा नाही, आणि या दोन्ही गोष्टी एकाच पिशवीत टाकणे ही या विषयातली सर्वांत मोठी गल्लत आहे. कडेबाहेरच्या पिक्सेलचे मोजमाप झालेलेच नाही. पाण्याच्या पिक्सेलचे मोजमाप झाले आहे आणि ते खरे आहे. ते वगळायचे की नाही, हे प्रश्नावर ठरते. गावातल्या पिकांची स्थिती विचारली असेल तर पाणी वगळावे, कारण पाण्यावर पीक असण्याचा प्रश्नच येत नाही. गावावर किती पाऊस पडला असे विचारले असेल तर पाणी धरावे, कारण जलाशयावर पडलेला पाऊस हाही पाऊसच. खोऱ्याचा सरासरी चढ काढताना जलाशयाचा सपाट पृष्ठभाग वगळणे योग्य. एसआरटीएमच्या तयार फाइलींत मोठ्या जलाशयांची पातळी मुद्दाम एकसारखी केलेली आहे, त्यामुळे तिथे चढ शून्य निघतो आणि डोंगराळ खोरेही सौम्य उताराचे भासते. शिवाय तिथे नोंदलेली उंची पाण्याच्या पृष्ठभागाची आहे, तळाची नव्हे.

त्यामुळे एकच मुखवटा करून तो सगळीकडे वापरणे बरे नव्हे. मोजले न गेलेले पिक्सेल, ढगाखालचे पिक्सेल आणि पाण्याचे पिक्सेल यांचे मुखवटे वेगळे ठेवून गरजेनुसार एकत्र केले, तर ऐनवेळी प्रश्न बदलला तरी काम पुन्हा पहिल्यापासून करावे लागत नाही.

पाणी न वगळता एनडीव्हीआय काढण्यात आणखी एक धोका आहे. पाणी अवरक्त प्रकाश जवळजवळ सगळा शोषून घेते, त्यामुळे दोन्ही परावर्तने शून्याच्या अगदी जवळ असतात. वातावरणाचा परिणाम काढून टाकताना ती थोडी शून्याखालीही जातात. मग भागाकारात भाजक नगण्य होतो आणि उत्तर -१ ते १ या मर्यादेबाहेर उडते. असे मोजके पिक्सेल हजारोंच्या सरासरीलाही खेचू शकतात. एनडीव्हीआयच्या रास्टरचे किमान आणि कमाल मूल्य पाहिले, आणि ते या मर्यादेबाहेर असेल, तर बहुतेक वेळा पाणी किंवा गडद सावली आत राहिलेली असते.

आता मे महिन्याकडे परत येऊ. त्या दिवशीचे पाणी आणि रिकामे पिक्सेल वगळले तर जमिनीचे ८० पिक्सेल उरतात: शेतीचे ६० आणि गाळपेराचे २०. सरासरी २८ भागिले ८०, म्हणजे ०.३५. ऑक्टोबरात ती ०.५ होती. घसरण ०.१५ दिसते. प्रत्यक्षात कायमच्या शेतातली घसरण ०.१ एवढीच आहे. उरलेली ०.०५ कुठून आली? ऑक्टोबरात जे २० पिक्सेल मोजणीत नव्हते, ते मे महिन्यात आले आणि ते मुळातच कमी हिरवे होते. प्रत्येक तारखेला मुखवटा बरोबर होता, दोन्ही सरासऱ्या आपापल्या जागी बरोबर होत्या, तरी त्यांची तुलना चुकीची ठरली. कारण त्या एकाच जमिनीच्या नव्हत्या.

काळानुसार तुलना करायची असेल तर सर्व तारखांना वैध असलेले पिक्सेलच धरावेत. म्हणजे सगळ्या तारखांचे मुखवटे एकावर एक ठेवून, कोणत्याही एका तारखेला वगळलेला पिक्सेल सगळ्या तारखांना वगळावा. उदाहरणात असे ६० पिक्सेल उरतात, आणि ०.५ वरून ०.४ ही खरी घसरण दिसते. गाळपेर जमिनीचा आकडा हवाच असेल तर तो वेगळा द्यावा. या पद्धतीची मर्यादाही आहे. पावसाळ्यातल्या तारखा घेतल्या तर ढगांमुळे सर्व तारखांना वैध असे पिक्सेल फारच थोडे उरतात. अशा वेळी फक्त पाण्याचा मुखवटा सामाईक ठेवून ढगांचा तारखेनुसार बदलता ठेवणे, ही त्यातल्या त्यात बरी तडजोड. ढग आज इथे, उद्या तिथे येतात. पाणी मात्र दरवेळी त्याच सखल जमिनीवर येते, म्हणून त्याचा परिणाम एकाच दिशेने साचत जातो.

सामाईक पाणमुखवट्यासाठी एकेका दिवसाच्या बिटावर विसंबण्याचे आणखी एका कारणाने टाळावे. उजनीसारख्या जलाशयांत जलपर्णी माजते. वरून पाहिले तर ती हिरवीगार वनस्पतीच असते आणि तिचा एनडीव्हीआय जोमदार पिकाच्या बरोबरीचा येतो. पाण्याचा बिट प्रकाशाच्या परावर्तनावरूनच ठरत असल्याने अशा जागी तो लागत नाही, आणि जलाशयाच्या मधोमध ‘पीक’ उभे राहते. युरोपीय आयोगाच्या संयुक्त संशोधन केंद्राने लँडसॅटच्या १९८४ पासूनच्या प्रतिमांवरून जगभरच्या भूपृष्ठावरील पाण्याचे नकाशे केले आहेत. कोणत्या पिक्सेलवर कधी तरी पाणी आढळले, हे त्यांतून कळते. त्या कमाल विस्ताराचा मुखवटा जलपर्णीने फसत नाही आणि ऋतूनुसार हलतही नाही.

इथपर्यंत प्रत्येक पिक्सेल स्वतंत्र होता. शेजाऱ्यांना धरून चालणाऱ्या गणितात, उदाहरणार्थ तीन बाय तीनच्या खिडकीची सरासरी, चढ किंवा उठावछाया काढताना, रिकाम्या पिक्सेलचा परिणाम त्याच्या जागेबाहेरही पसरतो. इथे आज्ञावल्या दोनपैकी एक धोरण पाळतात. पहिले कडक: खिडकीत एकही रिकामा पिक्सेल असेल तर उत्तर रिकामे. यात चूक शिरत नाही, पण दर फेरीला कडेचा एक पदर झडतो. तीन फेऱ्या झाल्या की ३० मीटरच्या रास्टरमध्ये प्रत्येक काठाची ९० मीटर पट्टी गेलेली असते. अरुंद बेटे आणि नदीकाठची चिंचोळी शेते पूर्ण नाहीशी होतात. दुसरे धोरण सैल: जेवढे पिक्सेल उपलब्ध, तेवढ्यांची सरासरी. यात कड टिकते, पण उत्तर एका बाजूला झुकते. एका बाजूला दर पिक्सेलमागे १० मीटर चढत जाणारी जमीन घ्या. मधल्या पिक्सेलची उंची ५००, खालच्या बाजूचा स्तंभ ४९० आणि वरच्या बाजूचा ५१०. तिन्ही स्तंभ असतील तर सरासरी ५००. वरचा स्तंभ रिकामा असेल तर ४९५. आकडा कुठेही विचित्र वाटत नाही, पण संपूर्ण कडेवर तो सतत त्याच दिशेने चुकत जातो.

प्रतिमा किंवा हद्द कापल्यामुळे तयार झालेल्या कडेवर याचा उपाय सोपा आहे: आधी गणित, मग कात्री. तालुक्याच्या हद्दीपेक्षा खिडकीच्या निम्म्या रुंदीहून थोडे जास्त रास्टर सगळ्या बाजूंनी घ्यावे, गणित करावे आणि शेवटी हद्दीनुसार कापावे. हद्दीपलीकडची जमीन खरी आहे, तिथले आकडे उपलब्ध आहेत, आणि ते आधीच फेकून देण्याचे काही कारण नाही. कामाच्या सोयीसाठी सुरुवातीलाच रास्टर कापून घेण्याची सवय फार पसरलेली आहे, आणि कडेवरच्या चुकांचा मोठा वाटा तिच्यामुळेच येतो. पाण्याच्या काठावर मात्र हा उपाय चालत नाही, कारण तिथे पलीकडे जमीनच नाही. तिथे सैल धोरण घ्यावे, पण किमान किती वैध पिक्सेल असतील तरच उत्तर मान्य करायचे, ही अट घालावी. नऊपैकी पाच ही अट बहुतेक कामांना पुरते.

पिक्सेलचा आकार बदलतानाही अशीच खिडकी चालत असते, फक्त ती दिसत नाही. ३० मीटरचे रास्टर ३०० मीटरचे करताना शंभर पिक्सेलांचा एक होतो. नोडेटाची नोंद शाबूत असेल तर `gdalwarp` सारखे साधन रिकामे पिक्सेल सोडून उरलेल्यांची सरासरी घेते. नोंद गळालेली असेल तर सगळे मिसळते. म्हणून ती नोंद आज्ञेतच स्पष्ट लिहावी:

```
gdalwarp -tr 300 300 -r average -srcnodata -9999 -dstnodata -9999 ndvi.tif ndvi300.tif
```

`-9999` लिहिण्यापूर्वी फाइलमधल्या रिकाम्या जागी खरोखर तोच अंक आहे याची खात्री करावी. वरच्या पायथॉनच्या तुकड्यातून तयार झालेल्या रास्टरमध्ये तिथे `nan` असेल, आणि मग आज्ञेतही `nan` च लिहावे लागेल.

या पायरीनंतरची चूक अधिक सूक्ष्म आहे. नव्या एका पिक्सेलमागे शंभर वैध पिक्सेल असतात, तर काठावरच्या दुसऱ्यामागे कदाचित तीनच. पुढची सरासरी दोघांनाही सारखे वजन देते. त्यामुळे काठावरचे मोजके पिक्सेल पूर्ण शिवाराच्या बरोबरीने बोलतात. गावांच्या सरासऱ्यांची सरासरी काढून ती तालुक्याची म्हणून सांगण्यातही हेच घडते. ९०० वैध पिक्सेलांच्या गावाची सरासरी ०.५ आणि १०० वैध पिक्सेलांच्या गावाची ०.२ असेल, तर दोन्ही गावांची मिळून सरासरी ०.४७ आहे, ०.३५ नव्हे. वैध पिक्सेलांची संख्या सरासरीबरोबर जपून ठेवली असेल तरच ती वजन म्हणून वापरता येते.

बेरजेच्या बाबतीत मात्र वगळण्याचा नियमच चालत नाही. सरासरीतून एक दिवस वगळला तर उरलेल्या दिवसांची सरासरी बऱ्यापैकी प्रतिनिधी राहते. पावसाच्या मासिक बेरजेतून एक दिवस वगळला, तर त्या दिवशी पाऊस पडलाच नाही असे म्हटल्यासारखे होते. कोकणात जुलैतला एक मुसळधार दिवस असा हरवला, तर महिन्याचा आकडा शंभराहून अधिक मिलिमीटरने कमी येऊ शकतो. अशा वेळी बेरीजही रिकामी ठेवणे हेच प्रामाणिक.

हे सगळे बरोबर झाले की नाही, हे तपासण्याच्या काही साध्या रीती आहेत. सर्वांत उपयोगी रीत अशी: सर्व वैध पिक्सेलांत १ हा अंक भरावा, रिकामे पिक्सेल तसेच ठेवावेत आणि संपूर्ण प्रक्रिया त्या रास्टरवर चालवावी. सरासऱ्या कितीही टप्प्यांतून गेल्या तरी प्रत्येक पिक्सेलवर उत्तर नेमके १ आले पाहिजे. कुठे ०.८९ किंवा उणे काही हजार दिसले, तर त्या टप्प्यावर रिकामा पिक्सेल आत शिरला आहे. दुसरी रीत रास्टरच्या चारही बाजूंना रिकाम्या पिक्सेलांची झालर जोडून सरासरी पुन्हा काढण्याची. ती शेवटच्या दशांशापर्यंत तीच यायला हवी. तिसरी क्षेत्रफळाची. ३० मीटरचा एक पिक्सेल ९०० चौरस मीटरचा, म्हणजे ०.०९ हेक्टरचा. वैध पिक्सेलांच्या संख्येला त्याने गुणून येणारे क्षेत्र गावाच्या नोंदलेल्या क्षेत्रातून पाणी वजा केल्यावर उरणाऱ्या आकड्याशी जवळपास जुळावे. फार कमी आले तर मुखवटा गरजेपेक्षा जास्त कापतो आहे. जास्त आले तर काहीतरी नको ते आत आहे. आणि आलेखावर मूल्यांची विभागणी पाहिली, की नेमक्या एकाच अंकावर उभा राहिलेला एकाकी सुळका, विशेषतः शून्यावरचा, नोडेटाचीच आठवण करून देतो.

मुखवट्याने सुटत नाही असा एक प्रश्न शेवटी उरतो, तो काठावरच्या मिश्र पिक्सेलांचा. ३० मीटरच्या चौकोनात अर्धे पाणी आणि अर्धे ऊस असेल, तर पिक्सेल दोन्हींच्या मधला अंक दाखवतो. तो पाणी म्हणून ओळखला जात नाही आणि शेत म्हणून खरा नसतो. असे पिक्सेल काढण्यासाठी पाण्याचा मुखवटा एका पिक्सेलने जमिनीकडे फुगवतात. उजनीच्या काठी शेते मोठी आणि सलग असतील तिथे त्याने फारसे नुकसान होत नाही. पाणी आणि बांध यांच्यामधली पट्टी साठ-सत्तर मीटरच असेल, तर फुगवलेला मुखवटा निम्मी पट्टी गिळतो आणि उरलेल्या एका रांगेच्या सरासरीवर विश्वास ठेवता येत नाही. अशा पट्टीसाठी लँडसॅट अपुरा आहे. तिथे सेंटिनेल-२ च्या १० मीटर पिक्सेलांच्या प्रतिमाच वापराव्यात.